दोन स्थळांचा प्रश्न आणि उलटं पडलेलं ‘द लव्हर्स’

टॅरो शिकायला लागल्याचं मैत्रिणींना कळलं की लवकरच कुणीतरी हा प्रश्न घेऊन येते: दोघं आहेत, होकार कुणाला देऊ? तुम्ही पत्ते मांडता आणि नेमकं ‘द लव्हर्स’ उलटं पडतं. समोरचीचा चेहरा उतरतो. नवखा वाचक पटकन म्हणून जातो, “या मुलाशी नको गं, प्रेम खरं नाही.”

हे वाचन बहुतेक वेळा चुकतं, आणि ते चुकलं तर एका माणसावर नाहक शिक्का बसतो. दोघांतून एक निवडण्याच्या प्रश्नात हे कार्ड मुलाविषयी फार थोडं बोलतं. निवड कशी चालली आहे, कोण करतंय, कशाच्या भरवशावर करतंय, याविषयी ते पुष्कळ बोलतं. ते कसं ओळखायचं, तेवढ्यापुरताच हा लेख आहे. तुमच्या हातात राइडर-वेट डेक आहे असं धरून चालते, कारण नवीन शिकणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे तोच असतो.

आधी चित्र

अर्थांची पुस्तिका बाजूला ठेवा आणि कार्ड सरळ धरा. १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या या डेकची चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांनी काढली, आर्थर एडवर्ड वेट यांच्या मार्गदर्शनाखाली. सहा क्रमांकाच्या या कार्डावर डावीकडे बाई आहे, उजवीकडे पुरुष, दोघंही विवस्त्र. बाईच्या मागे फळांचं झाड आणि त्याला वेटोळं घातलेला साप. पुरुषाच्या मागच्या झाडावर पानांच्या जागी ज्वाळा. मधे दूरवर एक डोंगर. वर ढगांतून बाहेर आलेला, हात पसरलेला देवदूत आणि त्याच्या डोक्यावर सूर्य.

आता तिघांच्या नजरा बघा. पुरुष बाईकडे बघतोय. बाई मात्र पुरुषाकडे बघत नाहीये, ती वर देवदूताकडे बघतेय. सरळ कार्डात ही साखळी पूर्ण होते: त्याची ओढ तिच्याकडे, तिची नजर त्याहून मोठ्या कशाकडे तरी, आणि वरून दोघांवर सावली. म्हणून सरळ ‘लव्हर्स’ म्हणजे मनाची ओढ आणि आतला विचार एकाच दिशेला असणं.

कार्ड उलटं करा. नजरा त्याच राहतात, पण देवदूत तळाला जातो. पुरुष अजूनही बाईकडे बघतोय, बाई अजूनही देवदूताकडे. फक्त जिथून आधार यायचा ती जागा आता सगळ्यांच्या खाली आहे. या एका बदलातून या प्रश्नातले तीन अर्थ निघतात. निवड दुसरंच कुणीतरी करतंय, हा पहिला. ओढ एकीकडे आणि आपल्याला मोलाच्या वाटणाऱ्या गोष्टी दुसरीकडे, हा दुसरा. आणि निवड होतच नाहीये, ती टाळली जातेय, हा तिसरा.

वेट यांनी आपल्या पुस्तकात या उलट्या कार्डाला अपयश आणि अविचारी बेत असे अर्थ दिले आहेत, आणि दुसऱ्या एका मताचा हवाला देत लग्नात विघ्न येण्याचाही उल्लेख केला आहे. नवख्यांना नेमकी तीच ओळ सापडते आणि ते घाबरतात. पण त्या याद्या कार्ड एकटं धरून केलेल्या आहेत. तुमच्यासमोर पूर्ण मांडणी आहे, प्रश्न ठरलेला आहे, शेजारी इतर पत्ते आहेत. त्या सगळ्यांना डावलून यादीतली एक ओळ उचलण्याचं कारण नाही.

एक गोष्ट जाता जाता सांगावीशी वाटते. त्याआधीच्या मार्सेय परंपरेतल्या डेकमध्ये याच कार्डावर एक तरुण दोन स्त्रियांच्या मधोमध उभा असतो आणि वर क्युपिड बाण ताणून असतो. म्हणजे ‘दोघांतून एक’ हा प्रश्न या कार्डाच्या जुन्या चित्रातच होता. दोन माणसांच्या प्रश्नात हे कार्ड आलं की मला म्हणूनच बरं वाटतं. मांडणी विषयाला धरून बोलतेय असं समजते.

पत्ते मांडण्यापूर्वी

उलट्या कार्डाचा अर्थ लावायचा तर ते खरोखर उलटं पडलेलं असायला हवं. ऐकायला साधं वाटतं, पण इथेच सर्वांत जास्त घोळ होतो. नवा डेक सगळा सरळच असतो, त्यामुळे नुसता पिसला तर एकही पत्ता उलटा येणार नाही. सगळे पत्ते पालथे टेबलावर पसरा, दोन्ही हातांनी गोल गोल कालवा आणि मग गोळा करा. मैत्रिणीला डेक काटायला दिलात तर ती समोर बसलेली आहे हे लक्षात ठेवा. तिने डेक तिच्या बाजूने फिरवून परत दिला तर सगळ्याच पत्त्यांची दिशा बदलते. म्हणून सरळ-उलटं वाचणाऱ्याच्या बाजूने धरायचं, हे आधीच ठरवून तिला सांगा. पत्ता उघडताना पुस्तकाचं पान उलटतो तसा आडवा उघडा. खालची कड धरून वर उचललात तर सरळ पत्ता उलटा होतो, आणि मग तुम्ही आपल्याच हाताने केलेल्या उलट्याचा अर्थ लावत बसता.

दुसरं, कुठली बाजू कुणाची ते पत्ते उघडण्यापूर्वी कागदावर लिहा. डावी रांग याची, उजवी त्याची. मनात ठरवून चालत नाही. चांगला पत्ता पडला की मन हळूच तो आवडत्या मुलाच्या नावावर टाकतं.

तिसरं, प्रश्न. “दोघांपैकी कोण चांगला?” असा प्रश्न घेऊ नका. पत्त्यांपुढे ती दोन्ही मुलं बसलेली नाहीत, बसलेली आहे ती तुमची मैत्रीण. म्हणून प्रश्न तिच्या बाजूने विचारा: “या दोघांतून निवडताना मला काय बघायला हवं?”

सात पत्त्यांची मांडणी

मधे पहिला पत्ता: या प्रश्नात ती आत्ता कुठे उभी आहे. डावीकडे दोन: पहिल्या मुलाबरोबर तिला काय मिळतं, हा दुसरा पत्ता, आणि त्याच्याबरोबर तिला काय द्यावं लागतं, हा तिसरा. उजवीकडे दुसऱ्या मुलासाठी तसेच चौथा आणि पाचवा. खाली सहावा: तिच्या नजरेतून काय सुटतंय. वर सातवा: पुढचं पाऊल.

‘मिळतं’ आणि ‘द्यावं लागतं’ अशी विभागणी मुद्दाम केली आहे. प्रत्येक मुलाला एकच पत्ता दिला की तो पत्ता त्याचं प्रगतिपुस्तक होऊन बसतो, आणि त्यात ‘लव्हर्स’ उलटं आलं की निकाल लागल्यासारखंच वाटतं.

कुठल्या जागी पडलं, ते बघा

मधल्या जागी उलटं ‘लव्हर्स’ आलं तर दोन्ही रांगा तूर्त बाजूला ठेवा. निवडणारीच अजून निवडायच्या जागी उभी नाही, असं मांडणी सांगतेय. अशा वेळी उरलेले पत्ते वाचायचे ते याच प्रकाशात.

‘मिळतं’च्या जागी आलं तर तिथे ओढ आहे, पण दोघं त्या ओढीचा वेगवेगळा अर्थ धरून चालली असण्याची शक्यता आहे. एकाच्या मनात लग्न, दुसऱ्याच्या मनात ‘बघू या’. ‘द्यावं लागतं’च्या जागी ते जास्त गंभीर असतं, कारण तिथे निवडीचा हक्क किंवा स्वतःचं मतच खर्ची पडतंय. सहाव्या जागी आलं की नवखे लगेच ‘त्याचं दुसरीकडे काहीतरी आहे’ असं बोलून टाकतात. असं कधीही बोलू नका. ती जागा तिच्या नजरेतून सुटणाऱ्या गोष्टीची आहे, त्याच्या वागण्याची नाही. बऱ्याचदा तिथे इतकंच असतं की तिने मनात निर्णय आधीच घेतलाय आणि तो स्वतःशी कबूल केलेला नाही. सातव्या जागी आलं तर ‘इतक्यात होकार नको’ असं समजा. ‘दोघांपैकी एकच’ ही चौकट कुणी आखली, हा प्रश्नही तिथे विचारता येतो. दोन्हींना नकार हेही उत्तर असू शकतं.

तीन अर्थांतला कुठला, ते शेजारचे पत्ते सांगतात

निवड दुसरं कुणी करत असेल तर आसपास अधिकाराची माणसं दिसतात. धर्मगुरू असलेला हायरोफंट, सम्राट असलेला एम्परर, भरल्या घराण्याचा टेन ऑफ पेंटॅकल्स. आपल्याकडे हा अर्थ फार वेळा लागू पडतो. पत्रिका जुळते, मामा मध्यस्थी करतो, चहापोह्यांचा कार्यक्रम होतो आणि मुलीला आपलं मत नक्की कुठल्या टप्प्यावर सांगायचं होतं हेच कळत नाही. तरी या पत्त्यांना लगेच दुष्ट ठरवू नका. घरच्यांचं मत वाईटच असतं असं नाही. ते तिचं मत झालंय का, एवढंच तपासायचं.

ओढ आणि मूल्यं यांची फारकत असेल तर सेव्हन ऑफ कप्स किंवा डेव्हिल सोबत येतात. डेव्हिलचं कार्ड ‘लव्हर्स’शेजारी ठेवून बघाच एकदा. तीच दोन माणसं, तशीच उभी, बाई डावीकडे आणि पुरुष उजवीकडे. वर देवदूताच्या जागी सैतान आणि गळ्यांत साखळ्या. त्या साखळ्या सैल आहेत, डोक्यावरून काढता येतील इतक्या. हे दोन्ही पत्ते एकाच मांडणीत आले तर तिला विचारा, त्याच्यापासून दूर असताना तुला हे नातं हवंसं वाटतं, की फक्त जवळ असताना?

निवड टाळली जात असेल तर टू ऑफ स्वोर्ड्स हमखास आसपास असतो: डोळ्यांवर पट्टी, छातीवर आडव्या धरलेल्या दोन तलवारी. फोर ऑफ कप्सही येतो, समोर पुढे केलेला पेला न बघता बसलेला.

एक मांडणी, सुरुवातीपासून

सरावासाठी एक उदाहरण रचते. मुलगी पुण्यात नोकरी करते. कॉलेजपासूनचा एक मित्र आहे, गेली काही वर्षं दोघं एकत्र आहेत. त्याला ‘ओळखीतला’ म्हणू. घरून आलेलं एक स्थळ आहे, मुलगा जर्मनीत, माणसं चांगली, पत्रिका जुळलेली. डावी रांग ओळखीतल्याची, उजवी स्थळाची.

मधे टू ऑफ स्वोर्ड्स. डावीकडे ‘मिळतं’च्या जागी सिक्स ऑफ कप्स, ‘द्यावं लागतं’च्या जागी उलटं ‘लव्हर्स’. उजवीकडे ‘मिळतं’मध्ये टेन ऑफ पेंटॅकल्स, ‘द्यावं लागतं’मध्ये सिक्स ऑफ स्वोर्ड्स. खाली हायरोफंट, वर क्वीन ऑफ स्वोर्ड्स. ‘लव्हर्स’ सोडून सगळे सरळ.

घाईचं वाचन असं होईल: डावीकडे प्रेम उलटं, उजवीकडे भरलेलं घर आणि परदेशगमन, म्हणजे स्थळाला होकार. आता सावकाश वाचू.

मधल्या पत्त्यावरच्या बाईच्या डोळ्यांवर पट्टी आहे. मागे समुद्र, खडक, चंद्रकोर, पण ती त्याकडे पाठ करून बसली आहे. म्हणजे निवड टाळली जात असावी, हा तिसरा अर्थ आधीच हातात आला. पण तो एवढ्यावर पक्का करू नका.

डावीकडच्या सिक्स ऑफ कप्समध्ये एका जुन्या अंगणात मुलगा लहान मुलीला फुलं भरलेला पेला देतोय. माया आहे, जुनी ओळख आहे, सवय आहे. या नात्यातून तिला जे मिळतं ते खरं आहे. त्याच्या शेजारी ‘द्यावं लागतं’च्या जागी उलटं ‘लव्हर्स’. दोन्ही एकत्र वाचले की असं दिसतं: नातं सवयीने इथवर आलंय, ‘आपण लग्न करायचं’ असं दोघांनी बसून कधी ठरवलेलंच नाही. ही शंका आहे, निष्कर्ष नाही. म्हणून इथे थांबून तिला विचारायचं.

“त्याने घरी सांगितलंय का गं?”

“नाही अजून. तो म्हणतो, तू म्हणशील तसं.”

“आणि तू काय म्हणतेस?”

“मी म्हटलं, आधी आई काय म्हणते बघू.”

आता कार्डातल्या नजरा पुन्हा बघा. तो तिच्याकडे बघतोय, सगळं तिच्यावर सोडून. ती त्याच्याकडे न बघता कुणा मोठ्याकडे बघतेय. आणि खाली सहाव्या जागी हायरोफंट, आशीर्वादाला हात उचललेला, समोर दोघं गुडघ्यांवर. तिच्या नजरेतून सुटलेली गोष्ट हीच: दोन्ही रांगांत ती परवानगीची वाट बघतेय. पहिला आणि तिसरा अर्थ इथे एकमेकांत मिसळलेले आहेत. ती निवड टाळते म्हणून निवड दुसऱ्या कुणाच्या तरी हातात जाते. मुलाच्या प्रेमाविषयी या पत्त्याने वाईट काहीही म्हटलेलं नाही. फक्त त्याने निर्णयाचं सगळं ओझं तिच्यावर टाकलंय, आणि तेवढं मात्र स्पष्ट सांगायला हवं.

उजवी रांगही तितक्याच कडकपणे वाचली पाहिजे. टेन ऑफ पेंटॅकल्समध्ये पुढे बसलेला म्हातारा आहे, दोन कुत्रे आहेत, लहान मूल आहे, कमान आहे. जोडपं पार मागे, कमानीखाली. तिला या स्थळातून जे मिळतंय ते घर आहे. तो मुलगा कसा आहे, हे त्या पत्त्यात दिसत नाही, आणि तिलाही ते माहीत नसण्याची शक्यता आहे. सिक्स ऑफ स्वोर्ड्समध्ये नाव पाण्यातून निघाली आहे, अंगभर शाल ओढून पाठमोरी बसलेली बाई, नावेत उभ्या रोवलेल्या सहा तलवारी. जाणं म्हणजे सोडणंही आहे, आणि सोबत काही ओझं जाणारच. तिची नोकरी, भाषा, तिथला व्हिसा, आई-वडिलांपासूनचं अंतर, हे सगळं इथे नाव घेऊन बोलायचं.

वरचा पत्ता क्वीन ऑफ स्वोर्ड्स: तलवार उभी, डावा हात पुढे केलेला. स्पष्ट बोल, आणि समोरच्याला बोलू दे. पुढचं पाऊल असं निघतं: ओळखीतल्याला एक सरळ प्रश्न, “तू स्वतः घरी कधी सांगणार आहेस?”, आणि उत्तरात तारीख हवी. स्थळाच्या मुलाशी घरच्यांशिवाय एक मोकळा कॉल. दोन्ही होईपर्यंत कुणालाच होकार नाही.

समजा, माझ्या प्रश्नाला तिने वेगळं उत्तर दिलं असतं: “त्याने घरी कधीच सांगितलंय, पण त्यांना लग्नानंतर मी नोकरी सोडायला हवीय.” तर हेच कार्ड याच जागी दुसऱ्या अर्थाने वाचावं लागलं असतं, ओढ आणि मूल्यं यांच्या फारकतीच्या. त्या घरात तिला द्यावं लागणार होतं ते तिचं काम. तेव्हा सिक्स ऑफ कप्सही जरा वेगळा दिसला असता: माया तीच, पण तिला लहान मुलगी धरून चालणारी. म्हणून तिला विचारल्याशिवाय अर्थ पक्का करायचा नाही.

कुठे घसरतं, आणि कुठे थांबायचं

सरळ पत्त्याला एक गुण, उलट्याला शून्य, अशी बेरीज करू नका. वरच्या उदाहरणात ती केली असती तर उजवी रांग जिंकली असती, आणि निवडच झालेली नाही हा मुद्दा हरवला असता.

अर्थ लागत नसेल तर ‘लव्हर्स’वर आडवा एक पत्ता टाकायला हरकत नाही, पण एकच. दुसरा-तिसरा मागायला लागलात की तुम्ही मनासारखं उत्तर शोधताय असं समजा. त्याच प्रश्नासाठी त्याच संध्याकाळी पुन्हा पिसणंही तसंच. परत मांडायचं ते काही बदलल्यावर: ओळखीतल्याने घरी सांगितलं, किंवा तो कॉल झाला. तोवर मांडणीचा फोटो काढा, तिने दिलेली उत्तरं तिच्याच शब्दांत वहीत उतरवा. पुढच्या वेळी ‘लव्हर्स’ सरळ येतं की दुसरंच कार्ड येतं, यापेक्षा तिची उत्तरं किती बदलली हे जास्त उपयोगी पडतं.

मुलाच्या मनात काय आहे, त्याचा पगार खरा किती, आधीचं लग्न झालंय का, प्रकृती कशी आहे, यांतलं काहीही पत्त्यांवरून सांगू नका. ती माहिती विचारून, कागद बघून, चार ओळखीच्यांकडे चौकशी करूनच मिळते. स्थळाच्या बाबतीत ती चौकशी झाली आहे का, हे मात्र मांडणी संपण्याआधी जरूर विचारा.

आणि बोलता बोलता असं कळलं की तिच्यावर घरातून जबरदस्ती आहे, धमकी आहे, किंवा दोघांपैकी एकाने हात उगारलाय, तर पत्ते तिथेच गोळा करा. तो दोन स्थळांतल्या निवडीचा प्रश्न उरत नाही. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. तो नंबर तिला द्या, आणि तिला हवं असेल तर ती फोन करेपर्यंत शेजारी बसून राहा.